पंचवीस तासांचा शुक्रवार

हमदुल्ला परकार कंपनीच्या कॅम्पात आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दापोलीला मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा दिलेला, आणि मुंबईत आठ महिने नोकरीसाठी वणवण केलेला. त्याला इथे आणलं बदरुद्दीन मापारी यांनी. दोघांची गावं दाभोळच्या खाडीवर समोरासमोर होती. एका गावाच्या मशिदीत बांग झाली की दुसऱ्या गावात ऐकू यायची. नात्याचे ते कुणी नव्हते, पण हमदुल्ला पहिल्या दिवसापासून त्यांना चाचा म्हणायचा.

कॅम्प अबूधाबीपासून पश्चिमेला, समुद्रकाठी होता. ही गोष्ट १९६५ सालची. तेव्हा त्या मुलखाला युनायटेड अरब एमिरेट्स हे नाव मिळायचं होतं. तेल नुकतंच निघालं होतं. एक परदेशी कंपनी, पत्र्याच्या आणि लाकडाच्या बराकी, एक धक्का, एक दवाखाना, आणि मधोमध पॉवरहाऊस. तिथे डिझेलवर चालणारी तीन इंजिनं होती. दिवे, पंखे, पाण्याचे पंप, साहेब लोकांची एअरकंडिशनं, दवाखान्यातला औषधांचा फ्रीज, सगळं त्या तीन इंजिनांवर. ती बंद पडली तर कॅम्पात माणसं राहू शकली नसती.

बदरुद्दीनचाचा तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. त्याआधी वीस वर्षं ते बोटीवर होते, खाली इंजिनरूममध्ये. त्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. डावा पूर्ण, उजवा बराचसा. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहून, तोंड कानाशी नेऊन मोठ्याने बोलावं लागे. मात्र इंजिनाचा आवाज त्यांना तळपायातून कळायचा. एखादा सिलिंडर नीट पेटत नसला की ते चप्पल काढून जमिनीवर उभे राहात आणि म्हणत, "दोन नंबरची तब्येत बरी नाही."

काम सोपं पण काटेकोर होतं. बोर्डावर एक मोठा मीटर होता. तो सुरुवातीपासूनची सगळी वीज मोजत जायचा, आकडा फक्त वाढायचा. दर तासाला ऑपरेटरने मीटरचं रीडिंग लॉगशीटवर लिहायचं आणि त्यातून मागचं रीडिंग वजा करून त्या तासाचे युनिट मांडायचे. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत चोवीस ओळी. सकाळच्या शिफ्टने रोजची टाकी मोठ्या टाकीतून भरायची, आणि रात्री बाराला टाकीची पातळी बघून दिवसभरात किती गॅलन डिझेल लागलं ते खाली लिहायचं. आपली सुट्टी सोडली तर बदरुद्दीनचाचा सकाळची शिफ्ट कुणाला देत नसत.

दुसऱ्या दिवशी ते तेलकट शीट ऑफिसात हमदुल्लाकडे येई. तो हेडऑफिसच्या छापील फॉर्मवर, म्हणजे रोजच्या रिटर्नवर, चोवीस तासांचे युनिट टाइप करायचा, बेरजेच्या मशिनवर बेरीज मारायचा, आणि खाली एका चौकटीत युनिट भागिले गॅलन. एका गॅलनला चौदा युनिट. महिनोन्महिने आकडा चौदाच्या आसपास. कॅम्पाचे मुख्य साहेब बाकी काही वाचोत न वाचोत, ती चौकट वाचायचे.

उन्हाळ्यात कॅम्पाची वेळ बदलायची. थंडाव्यात जास्त काम व्हावं म्हणून एप्रिलमध्ये घड्याळं एक तास पुढे आणि ऑक्टोबरमध्ये परत मागे. हे फक्त कंपनीच्या कुंपणाच्या आत. बाहेरचे मच्छीमार सूर्यावरच चालत. बदल शुक्रवारी भर दुपारी करायचे, कारण त्या दिवशी सुट्टी असायची आणि कामाचा घोळ होत नसे. नोटीस बोर्डावर दोन ओळींचा कागद लागे, माणसं आपापली मनगटी घड्याळं फिरवत, खलास.

त्या एप्रिलमध्ये बारा वाजता घड्याळ एकवर नेलं. लॉगशीटवर एक वाजताची ओळ रिकामी राहिली. चाचांनी तिच्यावर आडवी रेघ मारली. शनिवारी हमदुल्लाला ती रेघ दिसली. फॉर्मवर चौकट रिकामी सोडायची नाही, असा हेडऑफिसचा नियम होता. त्याला वाटलं चाचांचं रीडिंग चुकून राहिलं असेल. मागचापुढचा तास दोनशेऐंशीच्या घरात होता, म्हणून त्याने तिथे दोनशेऐंशी टाइप केलं. बेरीज सहा हजार सातशेवीस आली. डिझेल होतं चारशेसाठ गॅलन. चौकटीत आला १४.६.

साहेब खूश झाले. स्वतः पॉवरहाऊसमध्ये आले, चाचांच्या पाठीवर थाप मारली आणि बिस्किटांचा डबा दिला. चाचा डबा हातात धरून उभे राहिले. साहेब गेल्यावर त्यांनी सोबत आलेल्या हमदुल्लाला विचारलं, "हमदू, इंजिन तेच, तेल तेच. मग एका दिवसात एवढं कसं सुधारलं?"

"नशीब तुमचं, चाचा," हमदुल्ला त्यांच्या कानात ओरडला. दोघं हसले. बिस्किटं बराकीतल्या सगळ्यांनी खाल्ली.

ऑक्टोबर आला. पंधरा तारखेच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता घड्याळ परत बारावर आणायचं होतं. हमदुल्लाने बराकीत आपलं घड्याळ मागे केलं, आंघोळ केली आणि जुम्म्याच्या नमाजाला गेला. दुपारी झोपला. घड्याळ मागे नेलं म्हणजे आजचा दिवस पंचवीस तासांचा झाला, हे त्याच्या मनात आलं नाही. कुणाच्याच मनात आलं नसेल. फक्त पॉवरहाऊसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ते कळलं, कारण त्याने त्या दिवशी आठऐवजी नऊ तास शिफ्ट केली आणि दर तासाला मीटर वाचला.

चाचांनी एक वाजता रीडिंग घेतलं. त्या तासाचे युनिट चारशेचार. ते एकच्या ओळीत लिहिलं. मग भिंतीवरचं घड्याळ बारावर आणलं. पुन्हा एक वाजला. पुन्हा रीडिंग घेतलं, युनिट चारशेसहा. पण एकची ओळ भरलेली होती आणि पुढची ओळ दोनची. त्यांनी डोकं चालवलं आणि शीटच्या कडेला, उभ्या समासात, आपल्या गोल अक्षरात लिहिलं, "१२ ते १, ४०६." दोनच्या ओळीपासून सगळं परत नेहमीसारखं.

शनिवारी सकाळी हमदुल्लापुढे ते शीट आलं. टपालाचं विमान दहाला निघायचं होतं आणि चार रिटर्न टाइप करायची होती. एकच्या ओळीत ४०४, समासात ४०६. चाचांनी आधी चुकून ४०४ लिहिलं असेल आणि मग बाजूला दुरुस्ती केली असेल, असं त्याला वाटलं. चाचा त्या दिवशी सुट्टीवर, झोपलेले. दोन युनिटांसाठी त्यांना काय उठवायचं? त्याने ओळीतला आकडा तसाच ठेवला, समासातला सोडून दिला. बेरीज आली नऊ हजार पाचशेचौतीस. डिझेल सातशेदहा गॅलन. चौकटीत त्याने टाइप केलं, १३.४. जरा कमी वाटलं त्याला. पण विमानाचा आवाज यायला लागला होता.

रविवारी साहेबांनी त्याला बोलावलं. साहेबांसमोर त्या रिटर्नची कार्बन कॉपी होती आणि कागदाच्या तुकड्यावर त्यांनी पेन्सिलीने हिशोब केला होता. नऊ हजार पाचशेचौतीस युनिटांना चौदाच्या हिशोबाने सहाशेएक्याऐंशी गॅलन लागायला हवेत. लागले सातशेदहा.

"एकोणतीस गॅलन कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

त्याच महिन्यात स्टोअरमधून डिझेल बाहेर जातं अशी कुजबुज होती. दोन लॉरी ड्रायव्हर पकडले गेले होते आणि हेडऑफिसचं कडक पत्र आलं होतं. साहेबांनी आदल्या आठवड्याची रिटर्न काढली. सगळी चौदाच्या आसपास. शनिवारचंही चौदा. फक्त शुक्रवार खाली. त्या दिवशी टाकी कुणी भरली?

"बदरुद्दीन मापारी, सर."

"उद्या सकाळी त्याला घेऊन ये. तुला त्याची भाषा येते. तूच इंटरप्रिटर."

सोमवारी चाचा धुतलेला शर्ट घालून आले. ऑफिसात एअरकंडिशन घरघरत होतं आणि साहेब मेजापलीकडून बोलत होते, त्यामुळे त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. ते साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मग हमदुल्लाच्या तोंडाकडे.

हमदुल्ला त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. "चाचा, साहेब म्हणतात शुक्रवारी एकोणतीस गॅलन डिझेल जास्त लागलं. ते कुठे गेलं?"

चाचांना आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला, तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. सोपी गोष्ट होती. ते मोठ्याने बोलले, बहिरी माणसं बोलतात तसे. "जास्त कुठे? बरोबर लागलं. साहेबांना सांग, शुक्रवारी पंचवीस तास इंजिन चाललं. घड्याळ मागे नाही का केलं? एक तास दोनदा आला. मी लिहून ठेवलंय बाजूला."

साहेबांनी हमदुल्लाकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

पुढे कितीतरी वर्षं हमदुल्ला स्वतःला विचारत राहिला की त्या क्षणी आपल्याला कळलं होतं की नव्हतं. समासातला तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर आला, एवढं नक्की. ते रिटर्न त्याने केलं होतं, खाली सही त्याची होती, आणि त्याचा करार जानेवारीत संपत होता. पंचवीस तासांचा दिवस, असं इंग्रजीत बोललं तर साहेब हसतील असंही वाटलं. हे सगळं एका श्वासात. तो म्हणाला, "सर, ही सेज द डे वॉज टू लाँग."

साहेब हसले नाहीत. थकल्यासारखे मागे टेकले. "इथे सगळेच दिवस लांब असतात," ते म्हणाले. "एवढंच त्याचं म्हणणं?"

"येस, सर."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोलिसात द्यायचं टाळलं. म्हणाले, म्हातारा आहे, जुना आहे, बुधवारच्या लाँचने दुबईला पाठवा, तिथून मुंबईच्या बोटीत बसवा. नोकरीच्या कागदावर मात्र कारण लिहावं लागेल. तो कागद हातात असला की पुन्हा कुठली कंपनी घेणार नव्हती, बोटीवरसुद्धा.

बाहेर उन्हात आल्यावर हमदुल्लाने चाचांना कानात सांगितलं. चाचांनी वळून ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू नीट सांगितलंस ना? पंचवीस म्हणून?"

"हो, चाचा."

"मग साहेबांना हिशोब कळला नसेल," चाचा म्हणाले, आणि दोन नंबरच्या इंजिनाला तेल द्यायचं राहिलंय म्हणून पॉवरहाऊसकडे चालू लागले. तिथे रफिक नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरने त्यांना दारातच थांबवलं. त्याला तसा हुकूम होता.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर हमदुल्लाने शुक्रवारचं मूळ शीट फाइलीतून काढलं. गुरुवारी रात्री बाराचं रीडिंग, चौसष्ट लाख सदतीस हजार दोनशेपंधरा. शुक्रवारी रात्री बाराचं, चौसष्ट लाख सत्तेचाळीस हजार एकशेपंचावन्न. वजाबाकी नऊ हजार नऊशेचाळीस. त्याला सातशेदहाने भागलं. बरोबर चौदा. त्याने पुन्हा भागलं. मग एकच्या ओळीतलं रीडिंग आणि दोनच्या ओळीतलं रीडिंग एकाखाली एक मांडलं. मध्ये एक अख्खा तास होता, आणि तो समासात उभा लिहिलेला होता. एक थेंबही कुठे गेला नव्हता. त्याची बेरीज चारशेसहाने कमी होती, आणि तेवढ्या विजेचं डिझेल म्हणजे एकोणतीस गॅलन.

मग त्याला एप्रिल आठवला. ते शीटही काढलं. तिथे तेवीस तासांच्या दिवसात त्याने चोविसावा तास स्वतःच्या मनाने भरला होता. त्याबद्दल बिस्किटं मिळाली होती.

मंगळवारी सकाळी तो दोन्ही शीटं घेऊन साहेबांच्या दाराशी गेला. साहेब टेलिफोनवर होते. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "येस, हमदुल्ला?"

हमदुल्लाच्या घरी आई होती आणि लहान तीन भावंडं. वडील नव्हते. हे तो नंतर कारण म्हणून सांगत नसे, फक्त त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगायचा. त्याने शीटांच्या वर धरलेलं सुट्ट्यांचं रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाला, "सही, सर." साहेबांनी सही केली.

बुधवारी धक्क्यावर वारा होता. चाचांची एक पत्र्याची पेटी आणि दोरीने बांधलेली वळकटी लाँचमध्ये चढवली गेली. बराकीतले बरेच जण आले होते. कुणाला चोरीवर विश्वास नव्हता, पण कुणी काही बोलतही नव्हतं. चाचांनी एकेकाला उराशी धरलं. हमदुल्लापाशी आले तेव्हा म्हणाले, "दोन नंबरचा फिल्टर महिन्याने बदलायला सांग. रफिकच्या लक्षात राहात नाही. आणि तू जेवणाची हयगय करू नकोस."

हमदुल्ला त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. ओठांपर्यंत आला होता शब्द. "चाचा," तो म्हणाला, "माफ करा."

एवढं हळू म्हणाला की त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. चाचांना वाटलं तो खुदा हाफिज म्हणाला. "खुदा हाफिज, बाबा," ते म्हणाले. लाँचवाल्या अरबाने "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली, आणि ते पायरी चाचपत खाली उतरले.

गुरुवारी ऑफिस उघडताच हमदुल्ला परत साहेबांकडे गेला. रात्रभर डोळा लागला नव्हता. त्याने दोन्ही शीटं मेजावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दिवस पंचवीस तासांचा होता. मापारींनी तेच सांगितलं होतं. मी नीट सांगितलं नाही.

साहेबांनी पेन्सिल उचलली. आधी दोन मध्यरात्रींच्या रीडिंगची वजाबाकी केली. मग भागाकार. मग एप्रिलचं शीट ओढून तेच केलं. तिथे खरे युनिट सहा हजार चारशेचाळीस निघाले, चारशेसाठने भागून चौदा. बराच वेळ ते त्या दोन चौदांकडे बघत होते.

"हे तू सोमवारी का नाही सांगितलंस?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि मी," साहेब म्हणाले, "मी मूळ शीट मागवलं नाही. नोटीस माझ्याच सहीची होती. घड्याळ मीच मागे करायला सांगितलं होतं." त्यांनी वायरलेसवाल्याला बोलावून दुबईच्या एजंटला संदेश पाठवला, मापारी नावाच्या माणसाला थांबवा, परत पाठवा. संध्याकाळी उत्तर आलं. मुंबईची बोट त्या दिवशी सकाळीच सुटली होती, आणि मापारी तिच्यात होता.

साहेबांनी मग गावच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. चूक कंपनीची होती, तुमच्यावर कसलाही ठपका नाही, नोकरी तुमची आहे, मुंबईच्या एजंटाकडे या, तो परतीचं तिकीट देईल. कागदावरचं कारण रद्द केल्याचा दाखलाही जोडला. सगळ्या पॉवरहाऊसांना सर्क्युलर गेलं. घड्याळ बदलण्याच्या दिवशी तास तेवीस की पंचवीस ते वर स्पष्ट लिहावं, दोनदा आलेल्या तासाला वेगळी ओळ द्यावी, आणि दिवसाची बेरीज तासांच्या आकड्यांवरून न करता दोन मध्यरात्रींच्या रीडिंगमधून काढावी. हमदुल्लाला त्यांनी काढलं नाही. जानेवारीत करारही वाढवला. तेव्हा ते म्हणाले, "तुला काढून मला बरं वाटलं असतं. पण मग मलाही जावं लागलं असतं."

उत्तर फेब्रुवारीत आलं. साहेबांना नाही, हमदुल्लाला. चाचांनी स्वतः लिहिलं होतं, शाई पसरलेली, अक्षर तेच गोल.

"चि. हमदुल्ला यास बदरुद्दीनचा सलाम. साहेबांचं पत्र पोस्टमास्तरांकडून मराठीत उतरवून घेतलं. साहेबांना शुक्रिया सांग. मी येणार नाही. कान आता अगदीच गेले. आणि टाकी भरताना हात पहिल्यासारखा राहणार नाही, कुणी बघतंय असं वाटत राहील. तू विचारशील म्हणून लिहितो, मी रागावलेलो नाही. मला ऐकू येत नाही, पण त्या दिवशी साहेबांचं तोंड मी पाहिलं होतं. पंचवीस हा आकडा ऐकलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. तेव्हाच मला कळलं. तू लहान आहेस, घाबरला असशील. फिल्टरचं रफिकला सांगितलंस का?"

हमदुल्लाने ते पत्र किती वेळा वाचलं ते त्यालाच माहीत. तेव्हाच कळलं होतं. म्हणजे धक्क्यावर उभे असताना, जेवणाची हयगय करू नकोस म्हणताना, त्यांना ठाऊक होतं. उत्तर लिहायला तो अनेकदा बसला. फिल्टर बदलला आहे, एवढं लिहून थांबायचा. शेवटी तेवढंच पाठवलं.

त्याला रजा मिळाली १९६७च्या नोव्हेंबरात. मुंबईहून किनाऱ्याच्या बोटीने दाभोळला उतरला, आईला भेटला आणि तिसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडून समोरच्या गावात गेला. चाचा नव्हते. पावसाळ्यात तापाने गेले होते. त्याच्या आईने पत्रात लिहायचं टाळलं होतं, परदेशात एकटा आहे म्हणून.

घरात हाफिजाचाची आणि मुलगी सायरा होत्या. चाचीने त्याला ओळखलं आणि पदर डोळ्यांना लावला. सायराने पाट मांडला. चाची म्हणाली, "तुझं नाव नेहमी घ्यायचे. म्हणायचे, हमदू आकड्यांचा पक्का आहे. कान गेले म्हणून त्यांना यावं लागलं, नाहीतर तुझ्या जवळच राहिले असते."

हमदुल्लाचा हात ताटावर थांबला. घरात कुणाला काहीच माहीत नव्हतं. चाचांनी चोरीचं सांगितलं नव्हतं, पत्राचं सांगितलं नव्हतं, नोकरी परत मिळत होती हेही सांगितलं नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी ते एकट्याने पोटात ठेवलं होतं.

गप्प राहणं त्या दिवशी फार सोपं होतं. पण एकदा गप्प राहून झालं होतं. त्याने सांगितलं. सायरा दारात उभी राहून ऐकत होती. चाचीला पंचवीस तासांचं पटकन उमगेना, तेव्हा त्याने घड्याळ काढून काटा फिरवून दाखवला. असा एक वाजला, असा परत बारावर आणला, आणि असा पुन्हा एक वाजला. इंजिन मात्र थांबलं नाही.

चाची त्या घड्याळाकडे बघत राहिली. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ते एक तास जास्त राबले. आणि त्या तासापायी चोर ठरले."

"हो, चाची."

"आणि त्यांनी सांगितलं होतं, तू नाही सांगितलंस."

"हो."

बाहेर सायराने कुंपणातल्या कोंबड्यांना हाकललं. चाची उठली, चुलीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. "रात्री उठून बसायचे," ती म्हणाली. "मी विचारायची, काय होतंय? म्हणायचे, काही नाही, पाय आवाज शोधतात. मला वाटायचं इंजिनाची आठवण येते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांनी हे घरात आणलं नव्हतं, हमदुल्ला. तू आणलंस. आता मी याचं काय करू?"

त्याला वाटलं होतं की सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल, तिचं नाहीतर आपलं. तसं काही झालं नाही. तो उठायला लागला, तशी चाची वळली.

"बस," ती म्हणाली. "ताटावरून उठून जाऊ नकोस. त्यांना चाललं नसतं."

तिने त्याच्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण ओतलं, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. त्याने सगळा भात संपवला. भरतीची होडी धरायची म्हणून सायरा त्याला वाट दाखवायला वाडीच्या टोकापर्यंत आली. तिथे तिने विचारलं, "कंपनीच्या त्या पत्रात अब्बांचं नाव साफ लिहिलंय ना? ठपका नाही असं?"

"लिहिलंय. खाली साहेबांची सही आहे."

"मग ते घरातच कुठेतरी असेल," ती म्हणाली. "मी शोधते." आणि ती घराकडे परत धावत गेली.